देय तारीख : ३१ मार्च

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यातल्या एखाद्या विकास सोसायटीच्या कचेरीत तासभर बसून पाहावं. एरवी ओस पडलेली ती खोली तेव्हा भरून गेलेली असते. गटसचिवाच्या टेबलाभोवती माणसं उभी असतात आणि बोलण्यात एकच शब्द सारखा येत असतो : ‘नवं-जुनं’. जुनं कर्ज भरायचं आणि चार-आठ दिवसांत तेवढंच नवं उचलायचं. भरायला पैसे कुठून आणले हे कोणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं. कोणी आडत्याकडून आणलेले असतात, कोणी सोनं ठेवून, तर कोणी गावातल्याच माणसाकडून शेकडा दोन रुपये महिन्याने. चार टक्क्यांचं कर्ज फेडण्यासाठी चोवीस टक्क्यांनी पैसे काढणारा हा माणूस अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अडाणी वाटेल. तो तसा नाही. त्याचं गणित बरोबर कसं असतं आणि तरी त्याचं कर्ज तोलताना बँकेचं गणित कुठे चुकतं, ते एका उदाहरणातून पाहू.

लातूर जिल्ह्यातला पाच एकरांचा शेतकरी घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण त्या भागाच्या शेतीशी जुळणारे आहेत. खरिपात चार एकर सोयाबीन आणि एक एकर तूर. सोयाबीन निघाल्यावर दोन एकरांत हरभरा, तोही जमिनीच्या ओलीवर. विहीर आहे, पण मोटार जुनी आणि पाइपलाइन नाही. त्याला दोन कर्जं हवी आहेत. पहिलं दर वर्षीचं पीककर्ज. दुसरं दोन लाखांचं मुदत कर्ज, नवी मोटार, पाइपलाइन आणि तुषार संचासाठी. पाणी फिरलं तर हरभरा दोनाचा चार एकर होईल आणि एकरी पाच क्विंटलऐवजी आठ क्विंटल येईल, असा त्याचा हिशेब आहे.

पीककर्ज किती द्यायचं याचं सूत्र ठरलेलं आहे. जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दर वर्षी प्रत्येक पिकाचा एकरी किंवा हेक्टरी कर्जदर ठरवते. तो क्षेत्राने गुणायचा. किसान क्रेडिट कार्ड असेल तर त्यावर घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजांसाठी १० टक्के, अवजारांच्या देखभालीसाठी २० टक्के आणि वर पीकविमा वगैरे. आपल्या शेतकऱ्याने जूनमध्ये १ लाख २० हजार उचलले असं धरू. या सूत्रातली एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात जमीन आहे, पीक आहे, खर्च आहे, पण शेतकऱ्याची फेडण्याची ताकद कुठेच नाही. पीक आलं की पैसा येईल आणि तो बँकेतच येईल, हे गृहीत धरलेलं आहे. उसाच्या पट्ट्यात हे बऱ्याच अंशी खरं असतं, कारण कारखाना बिलातूनच सोसायटीचं कर्ज कापून घेतो. सोयाबीनचा पैसा मात्र आडतीतून थेट खिशात येतो आणि खिशाला वाटा पुष्कळ असतात.

मुदत कर्जात ताकद मोजावीच लागते. मोजू या. सोयाबीन एकरी सात क्विंटल, भाव ४,२०० रुपये. म्हणजे २८ क्विंटलचे १ लाख १७ हजार ६००. तूर पाच क्विंटल, तिचे ३५ हजार. हरभऱ्याला ५,००० रुपये भाव धरला तर सध्याच्या दहा क्विंटलचे ५० हजार. एकूण २ लाख २ हजार ६००. बियाणं, खत, फवारणी, मळणी, मजुरी असा रोख खर्च ९० हजार. पीएम-किसान आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे मिळून वर्षाला १२ हजार येतात. घरखर्च महिना आठ हजार, वर्षाचे ९६ हजार. पीककर्जाचं व्याज चार हजार. हे सगळं वजा-जमा केलं की वर्षाकाठी साधारण २४,६०० रुपये उरतात.

घरखर्च आधी वजा केला, यावर अनेक विद्यार्थी अडखळतात. पुस्तकात नफा आधी येतो आणि मालक त्यातून आपला वाटा घेतो. शेतकऱ्याच्या घरात असं होत नाही. पाऊस कमी झाला म्हणून पोरं कमी जेवत नाहीत. कर्जफेडीला उरतं ते चूल पेटल्यानंतरचं. बँकेच्या अर्जात घरखर्चाचा रकाना असतो आणि तो जवळजवळ नेहमी कमी भरलेला असतो. शेतकरी कमी सांगतो कारण कर्ज मंजूर व्हायचं असतं आणि अधिकारी तो तसाच लिहितो कारण त्याला उद्दिष्ट पुरं करायचं असतं. पाच माणसांच्या घराला महिना चार हजार लिहिलेले दिसले तर पुढचे सगळे आकडे संशयाने वाचावेत.

दुसरी अडखळण्याची जागा म्हणजे पीककर्जाची परतफेड कुठून होते ही. ते कर्ज पेरणीच्या खर्चातच गेलेलं असतं, म्हणून ते फिटतं विक्रीच्या एकूण रकमेतून. मुदत कर्जाचा हप्ता मात्र खर्च आणि चूल भागल्यावर जे उरतं त्यातून जातो. दोन्ही कर्जांचा बोजा सातबाऱ्यावर एकाखाली एक दिसत असला तरी त्यांचे पैसे येण्याचे झरे वेगळे आहेत.

आता नवी मोटार बसवल्यावरचं चित्र. हरभरा ३२ क्विंटल, म्हणजे १ लाख ६० हजार. जादा उत्पन्न १ लाख १० हजार. त्यासाठी लागवडीचा जादा खर्च ३२ हजार आणि वीजबिल, दुरुस्ती यांचे आठ हजार. निव्वळ वाढ ७० हजार. आधीचे २४,६०० धरून कर्जफेडीला वर्षाला ९४,६०० रुपये हाताशी राहतात. दोन लाख, पाच वर्षं, ११ टक्के व्याज, तर वर्षाचा समान हप्ता सुमारे ५४,१०० येतो. उपलब्ध रकमेला हप्त्याने भागलं की १.७५ मिळतात. दर रुपयाच्या हप्त्यामागे पावणेदोन रुपये आहेत. दीडच्या वर आकडा असला की बँकेतला माणूस सुस्कारा सोडतो. कागदावर हे कर्ज चांगलं आहे.

मी मात्र या आकड्यावर सही करण्याआधी तो दोनदा हलवून पाहीन. काढणीच्या वेळी, ऑक्टोबरात, पाऊस आला आणि सोयाबीन सातावरून पाच क्विंटलवर आलं, तर ३३,६०० रुपये गेले. पावणेदोनचं प्रमाण १.१३ वर येतं. हप्ता जेमतेम जातो. त्याच वर्षी विहिरीने जानेवारीत तळ गाठला आणि हरभरा आठाऐवजी सहावर अडकला, तर आणखी ४० हजार गेले. हातात उरले २१ हजार आणि हप्ता ५४ हजारांचा. हे दोन धक्के वेगवेगळे वाटतात, पण एकाच पावसाची ती दोन टोकं असू शकतात. ऑगस्टमधल्या मोठ्या खंडाने सोयाबीनही मारलं जातं आणि विहिरीचं पाणीही. म्हणून दोन पिकं म्हणजे दोन स्वतंत्र आधार, असं धरणं ही या कोष्टकातली सगळ्यांत महाग चूक आहे. उत्पन्न ठरवताना चांगल्या वर्षाचा उतारा घ्यायचा नाही, आणि भावही हमीभावाचा घ्यायचा नाही. बाजार समितीतला काढणीच्या महिन्यातला भाव घ्यायचा. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं गेल्याची वर्षं लातूरला काही नवी नाहीत.

इथवर आपण वर्षाची बेरीज केली. पण शेतकरी वर्ष जगत नाही, तो महिने जगतो. म्हणून आता तेच पैसे तारखांवर मांडू.

एक जूनला हातात ३० हजार आहेत आणि पीककर्जाचे १ लाख २० हजार आले. जून ते सप्टेंबर फक्त पैसा बाहेर जातो. पेरणी, खत, फवारणी आणि घर मिळून ८४ हजार. सप्टेंबरअखेर ६६ हजार उरतात. ऑक्टोबरात मळणी होते आणि सोयाबीन विकलं की हातात दीड लाखांच्या वर रक्कम येते. वर्षातला हा सगळ्यांत श्रीमंत आणि म्हणून सगळ्यांत धोक्याचा महिना, कारण दिवाळी, दुकानदाराची उधारी आणि लग्नाची बोलणी याच सुमारास येतात. आपला शेतकरी शिस्तीचा आहे असं धरू. नोव्हेंबरात तो हरभरा पेरतो, डिसेंबरात पाणी देतो, जानेवारीत तूर विकतो, फेब्रुवारीअखेर हरभरा काढतो. योजनांचे या काळात आलेले आठ हजार धरून मार्चच्या शेवटी त्याच्याजवळ १ लाख ६०० रुपये रोख असतात आणि घरात ३२ क्विंटल हरभरा असतो.

खरिपाच्या पीककर्जाची देय तारीख बहुधा ३१ मार्च असते. भरायचे आहेत मुद्दल १ लाख २० हजार आणि व्याज चार हजार. हरभरा विकून पैसे हातात आले असतील तर प्रश्नच नाही. पण मार्चमध्ये सगळ्यांचाच हरभरा बाजारात असतो आणि भाव पडलेला असतो. सरकारी खरेदी केंद्रावर घातला तर पैसे खात्यावर यायला काही आठवडे जातात. म्हणजे ज्या माणसाची वार्षिक फेडक्षमता ९४ हजारांची आहे, तो एका ठरावीक दिवशी २३,४०० रुपयांनी कमी पडतो. मालमत्ता आहे, उत्पन्न आहे, दानतही आहे. फक्त रोख नाही.

आणि नेमक्या या दिवसावर व्याज सवलत टांगलेली आहे. ही सवलत कशी चालते ते नीट पाहायला हवं. २००६-०७ पासून केंद्र सरकार तीन लाखांपर्यंतच्या अल्पमुदत पीककर्जासाठी व्याजाचा काही भाग स्वतः उचलतं. शेतकऱ्याला कर्ज सात टक्क्यांनी मिळतं आणि त्या बदल्यात बँकेला दीड टक्का भरपाई मिळते. तो पैसा बँकेचा. शेतकऱ्याचा वाटा वेगळा आहे : वेळेत फेड केली तर आणखी तीन टक्के सूट, म्हणजे प्रत्यक्ष व्याज चार टक्के. तीन लाखांची ही मर्यादा पाच लाख करण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. महाराष्ट्रात राज्य सरकार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून आपला भाग घालतं, त्यामुळे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडतं, असं धोरण २०२१ मध्ये जाहीर झालं. केंद्राच्या सवलतीत ‘वेळेत’ म्हणजे देय तारखेपर्यंत किंवा उचल केल्यापासून एक वर्षाच्या आत, यांत जे आधी येईल ते.

म्हणजे या सवलतीला उतार नाही, कडा आहे. ३१ मार्चला फेडलं तर आपल्या शेतकऱ्याचं दहा महिन्यांचं व्याज चार हजार. १ एप्रिलला फेडलं तर सात हजार. एका दिवसाची किंमत तीन हजार रुपये. शून्य टक्क्याच्या योजनेत असेल तर तोटा सात हजारांपर्यंत. अशा ठिकाणी एका दिवसाचा व्याजदर काढायला गेलं तर आकडा हास्यास्पद मोठा येतो, आणि नेमका म्हणूनच शेकडा दोन रुपयांनी पैसे काढणारा माणूस शहाणा ठरतो. १ लाख २० हजारांवर शेकडा दोन म्हणजे दिवसाला ८० रुपये. तीन हजार वाचवायचे असतील तर सदतीस दिवसांपर्यंत ते पैसे वापरणं परवडतं, शून्य टक्क्याच्या योजनेत तर जवळजवळ तीन महिने. सोसायटीने नवं कर्ज आठ दिवसांत दिलं तर खर्च ६४० रुपये. नवं-जुनं करणाऱ्याने हे गणित कागदावर कधी मांडलेलं नसतं, पण त्याला ते येतं. फसतो तो तेव्हाच, जेव्हा बँकेत रोख नसते किंवा मंजुरी लांबते आणि नवं कर्ज जूनपर्यंत येत नाही. मग ८० रुपयांचं मीटर पळत राहतं.

बँकेच्या बाजूने हेच दृश्य वेगळं दिसतं. खातं दर वर्षी नियमित, वसुली शंभर टक्के. पण पिकाने कर्ज फेडलेलंच नसतं, कर्जाने कर्ज फेडलेलं असतं. हे ओळखायला खातेउतारा पुरतो. दर वर्षी मार्चच्या शेवटच्या दोन-चार दिवसांत पूर्ण रक्कम एका फटक्यात रोख भरलेली आणि एप्रिलमध्ये तेवढीच किंवा थोडी वाढवून उचललेली दिसली, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक पैसाही भरलेला दिसला नाही, तर समजावं की सोयाबीन या खात्यात कधी आलंच नाही. असं तीन वर्षं चाललेलं खातं मुदत कर्जासाठी ‘उत्तम परतफेड’ म्हणून दाखवलं जातं. माझ्या मते ती सगळ्यांत कमकुवत शिफारस आहे.

या २३,४०० रुपयांवर सावकाराखेरीज आणखी वाटा आहेत का? पाच क्विंटल हरभरा पडत्या भावात विकला आणि क्विंटलमागे ३०० रुपये गमावले तर दीड हजाराचा तोटा. तोही तीन हजारांपेक्षा कमीच. सगळा माल विकायची गरज नाही, तारखेपुरता विकला की झालं, हे सुचवायलाही पुष्कळदा कोणी नसतं. याहून स्वस्त वाट म्हणजे शेतमाल तारण कर्ज. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की हरभऱ्यासारख्या धान्यावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी, सहा टक्क्यांनी कर्ज मिळतं. २४ हजारांवर तीन महिन्यांचं व्याज होतं ३६० रुपये, आणि भाव सुधारला तर तो फायदाही शेतकऱ्याचाच. अडचण एवढीच की आपल्या बाजार समितीत ही योजना प्रत्यक्ष चालू हवी, गोदामात जागा हवी आणि माल तिथवर न्यायचं भाडं परवडायला हवं.

आता मुदत कर्जाकडे परत. त्याला ही व्याज सवलत नाही, ११ टक्के म्हणजे ११ टक्के. शेजारी शून्य किंवा चार टक्क्यांचं पीककर्ज असताना मोह कुठे होईल हे सांगायला नको. मोटारीसाठी वेगळा अर्ज, दरपत्रक, गहाणखत करत बसण्यापेक्षा जूनच्या पीककर्जातून ५० हजार तिकडे वळवले जातात. व्याज वाचतं, पण मोटार पाच वर्षांत पैसे परत देणार आणि पीककर्ज दहा महिन्यांत परत मागणार. ३१ मार्चला २३ हजारांची तूट ७३ हजारांची होते. आणि त्यानंतर हा माणूस नवं-जुनंच्या फेऱ्यातून सहसा बाहेर येत नाही. स्वस्त दर पाहून निवडलेलं कर्ज तारखेने महाग पडतं, याचं याहून साधं उदाहरण मला माहीत नाही. मूल्यमापन करतानाही हेच लक्षात ठेवावं. व्याज सवलत ही तारखेवर अवलंबून आहे, म्हणून फेडक्षमता काढताना पीककर्जाचं व्याज सात टक्क्यांनीच धरावं. सवलत मिळाली तर ती शिल्लक. आपल्या कोष्टकात यामुळे फक्त तीन हजारांचा फरक पडतो, पण जे कर्ज तीन हजारांच्या फरकाने नापास होतं ते मुळात द्यायचंच नसतं.

राहिला हप्ता. बँकेच्या संगणकात पगारदारांसाठी बसवलेली मासिक हप्त्याची सोय असते आणि घाईत तीच लावली जाते. दोन लाखांवर पाच वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ४,३५० रुपये. बारा हप्त्यांची बेरीज वार्षिक हप्त्यापेक्षा थोडी कमीच येते, म्हणून कागदावर ते बरं दिसतं. पण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, जेव्हा घरात एक रुपया येत नाही, तेव्हा त्यातले सतरा हजार जातात, आणि ते जातात खताच्या पैशांतून. खत कमी पडलं की उतारा कमी, उतारा कमी की पुढचा हप्ता अवघड. दोन म्हशींसाठी कर्ज असतं तर मासिक हप्ताच योग्य होता, कारण दुधाचं बिल दर दहा-पंधरा दिवसांनी येतं. सोयाबीन-हरभऱ्याच्या घराला तो झेपत नाही.

पीक आणि हप्ता यांची सांगड घालायची ही कल्पना बँकांना परकी नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमात अल्पमुदतीच्या पिकाचं कर्ज देय तारखेनंतर दोन पीकहंगाम थकलं तरच अनुत्पादक ठरतं. इतर कर्जांना लावलेली नव्वद दिवसांची पट्टी इथे लावत नाहीत. घड्याळ पिकाचं मानायचं हे तत्त्व मान्य आहे, ते फक्त हप्त्याची तारीख टाकताना विसरलं जातं.

म्हणून या प्रकरणावर शिफारस लिहायची झाली तर मी कर्जाची रक्कम किंवा व्याजदर यांवर फार शाई खर्च करणार नाही. दोन लाख मंजूर, पण विहिरीची फेब्रुवारीतली पाणीपातळी स्वतः पाहून, शेतकऱ्याने सांगितली म्हणून नव्हे. चार एकरांऐवजी तीन एकरांचा हरभरा धरून कोष्टक पुन्हा मांडावं आणि तरीही प्रमाण सव्वाच्या वर राहतं का पाहावं. राहतं, साधारण १.२८ येतं. रक्कम मे महिन्यात द्यावी, म्हणजे पाऊस पडायच्या आत पाइपलाइन पुरली जाईल. पहिला हप्ता पुढच्या वर्षीचा हरभरा हातात आल्याशिवाय नाही. आणि वार्षिक हप्त्याची देय तारीख ३१ मार्च अजिबात नको. त्या दिवशी त्या घरात आधीच एक पाहुणा जेवायला बसलेला असतो. ३१ मे लिहावी.

संगणक ही तारीख स्वीकारतो. रकाना असतो, तो हाताने बदलावा लागतो.